गजर वाजतो, तरी गोळी राहते

आदरणीय ताई,

माझे वय ४६ आहे. गेल्या वर्षापासून थायरॉइडची गोळी सुरू आहे. ती सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर किमान अर्धा तास चहासुद्धा घ्यायचा नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. मोबाइलवर सहाचा गजर लावला आहे, पण तो वाजतो तेव्हा मी कधी पाणी भरत असते, कधी दूध तापवत असते. ‘हातातले झाले की घेते’ म्हणून गजर बंद करते आणि चहाचा पहिला घोट घेतल्यावर गोळी आठवते. आठवड्यातले दोन-तीन दिवस असेच जातात. मागच्या रक्ततपासणीत टीएसएच वाढलेला, म्हणजे थायरॉइडचे औषध कमी पडत असल्याचे निघाले. ‘गोळी रोज घेता ना?’ असे डॉक्टरांनी विचारले, तेव्हा मी संकोचाने ‘हो’ म्हटले आणि त्यांनी मात्रा ५० वरून ७५ मायक्रोग्रॅम केली. रात्री जेवणानंतर कॅल्शियमचीही गोळी असते, तीही अधूनमधून राहते. मुलगी म्हणते, रोजच्या एखाद्या कामाला गोळी जोडून टाक. मी देवपूजेला जोडून पाहिली, चहाला जोडून पाहिली, पण जमले नाही. जोडायची म्हणजे नेमकी कशाला आणि कशी?

— एक वाचक, सातारा

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुलीने सुचवलेला मार्ग योग्य आहे आणि तो तुमच्या बाबतीत फसण्याचे कारण तुमच्या विसराळूपणात नसून, ज्या कामांना तुम्ही गोळी जोडली त्या कामांच्या स्वरूपात आहे. हे समजले की योग्य काम निवडणे फारसे कठीण राहत नाही, म्हणून आधी तेवढे स्पष्ट करते.

पुढे करायच्या गोष्टीची आठवण आपण दोन प्रकारे ठेवतो. ‘सहा वाजता गोळी’ ही वेळेला बांधलेली आठवण झाली आणि ‘अमुक काम झाले की गोळी’ ही घटनेला बांधलेली. वेळेच्या आठवणीसाठी घड्याळाकडे लक्ष ठेवावे लागते, म्हणून आपण ते काम गजराकडे सोपवतो. परंतु गजराला फक्त वेळ कळते, तुमचे हात त्या क्षणी रिकामे आहेत की नाहीत हे त्याला कळत नाही. हंडा नळाखाली असताना तो वाजला, तर तुम्ही तो बंद करता आणि तिथून पुढे गोळीची आठवण केवळ मनात धरून ठेवावी लागते. हंडा भरतो, तेवढ्यात दूध उतू जाईल म्हणून गॅसकडे जावे लागते, कोणीतरी हाक मारते आणि मनात धरलेली गोष्ट निसटते. ती निसटू नये यासाठी आठवण अशा क्षणी यायला हवी, की जेव्हा एक काम पूर्ण झालेले आहे, दुसरे अजून हातात घेतलेले नाही आणि गोळी हाताच्या अंतरावर आहे. तुम्हाला जे शोधायचे आहे ते संपूर्ण काम नव्हे, तर त्या कामाचा हा शेवटचा क्षण आहे.

आता तुमची सकाळची कामे या दृष्टीने पाहू. पाणी भरणे हे काम बाहेरच्या वेळापत्रकावर चालते. ज्या दिवशी नळाला पाणी येत नाही किंवा उशिरा येते, त्या दिवशी आधारच नाहीसा होतो. दुधाचे काम कधी तुम्ही करता, तर कधी घरातले दुसरे कोणी आधी उठले तर ते करते आणि दुसऱ्याने केलेल्या कामाने तुमची आठवण जागी होत नाही. देवपूजा नियमाची असली तरी ती आंघोळीनंतर होते आणि बहुतेक घरांत तोवर पहिला चहा होऊन गेलेला असतो. शिवाय पाळीच्या दिवसांत, सुतकात किंवा घाईच्या दिवशी पूजा दुसऱ्याकडे जाते. चहा मात्र रोज होतो, तो तुम्हीच करता आणि तो कधी चुकत नाही, म्हणून तो आधार म्हणून मोहात पाडतो. पण या गोळीसाठी चहा उपयोगाचा नाही, कारण चहाच्या क्षणी आठवण होणे म्हणजे अर्धा तास उशिरा आठवण होणे. चहाचा कप दिसला की गोळी आठवते, हे जोडकाम तुमच्या मनात तयारही झालेले आहे. ते चुकीच्या जागी झाले आहे, इतकेच.

उरते ते दात घासणे. ते रोज होते, तुमचे तुम्हालाच करावे लागते, उपवासाला होते, पाळीत होते, माहेरी गेलात तरी होते आणि रविवारी दोन तास उशिरा उठलात तरी चहाच्या आधीच होते. तुमच्या गोळीसाठी मला याहून चांगला आधार दिसत नाही.

पण ‘दात घासल्यावर गोळी’ एवढे ठरवून थांबू नका, कारण दात घासणे नेमके कधी संपते हे त्यात ठरलेले नाही. चूळ भरल्यावर, तोंड धुतल्यावर, टॉवेलने पुसल्यावर, की स्वयंपाकघरात आल्यावर? आधाराचा शेवट जितका सैल, तितकी आठवण घसरत जाऊन पुन्हा चहापर्यंत पोहोचते. म्हणून जिला स्पर्श आहे, जागा आहे आणि जी एका क्षणात पूर्ण होते अशी एकच हालचाल निवडा. ब्रश धुऊन स्टँडमध्ये उभा ठेवणे ही तशी हालचाल आहे. ब्रश स्टँडमध्ये टेकला की त्याच हाताने गोळीची बाटली उचलायची, मध्ये काहीही येऊ द्यायचे नाही. नवी कृती जुन्या कृतीच्या आधी ठेवण्यापेक्षा नंतर ठेवणे अधिक सोयीचे, असे मला वाटते. ब्रिटनमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात ५० जणांना दातांच्या फटी दोऱ्याने साफ करण्याची सवय लावायची होती; काहींनी ते ब्रश करण्याआधी केले, काहींनी नंतर, आणि नंतर करणाऱ्यांची सवय अधिक पक्की होण्याकडे कल दिसला. अभ्यास लहान आहे, त्यामुळे त्यावर फार भार टाकू नये, पण कारण समजण्याजोगे आहे: संपलेले काम स्वतःच पुढच्या कामाला हाक देते, तर न सुरू झालेल्या कामाच्या आधी काय करायचे हे आपल्याला आठवावे लागते.

हे ठरले की ते वाक्यात बांधा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले, की ‘मी गोळी नियमित घेईन’ अशा नुसत्या निश्चयापेक्षा ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ अशा रचनेत केलेला निश्चय प्रत्यक्षात उतरण्याची शक्यता बरीच जास्त असते, कारण त्यात कृतीबरोबर तिची खूणही मनात नोंदली जाते. तुमचे वाक्य असे असू द्या: ‘ब्रश स्टँडमध्ये ठेवला की मी बाटली उचलीन आणि पाण्याबरोबर गोळी घेईन.’ हे वाक्य कागदावर लिहाच, परंतु त्याहून उपयोगाची गोष्ट म्हणजे आदल्या रात्री त्याची खरी तालीम करणे. ब्रश हातात घ्या, स्टँडमध्ये ठेवा, बाटलीकडे हात न्या, भांडे उचला. गोळी न घेता हे पाच-सहा वेळा केले की हाताला वाट कळते आणि अडचणीही तेव्हाच दिसतात: झाकण घट्ट आहे, हात ओले आहेत, पिण्याचे पाणी तिथे नाही.

जागेचा प्रश्न इथेच येतो आणि तो दुय्यम नाही. तुमचे बेसिन न्हाणीघराबाहेर असेल तर त्याच्या वरच्या फळीवर, पाणी उडणार नाही अशा उंचीवर बाटली ठेवता येईल. बेसिन न्हाणीघराच्या आत असेल तर मात्र बाटली तिथे ठेवू नका, कारण ही गोळी ओल, उष्णता आणि उजेड यांपासून जपावी लागते आणि गरम पाण्याची वाफ तिला मानवणारी नाही. अशा वेळी उलट करा: तुमचा ब्रशच बाहेर आणा. ब्रशचा स्टँड स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या कोरड्या फळीवर हलवा, शेजारी बाटली ठेवा आणि रात्री झोपण्यापूर्वी तिथे झाकलेले पाण्याचे भांडे ठेवा. ब्रश परत ठेवण्यासाठी तुम्हाला त्या फळीशी यावेच लागेल आणि आलात की उरलेल्या दोन्ही वस्तू समोर असतील. घरात लहान मूल येत-जात असेल तर फळी त्याच्या हाताला लागणार नाही इतकी उंच हवी.

यानंतरची अडचण कदाचित सर्वांत मोठी आहे. तुमच्या सकाळच्या क्रमात ब्रश आणि चहा हे एकमेकांना आधीच जोडलेले आहेत आणि आपण त्यांच्यामध्ये गोळी व अर्धा तास घालत आहोत. तो अर्धा तास मोकळा सोडलात तर जुनी सवय तुम्हाला सरळ गॅसपाशी नेईल. घड्याळ पाहत बसू नका, चहालाही घटनेशीच बांधा. डब्यासाठी भाजी चिरणे आणि कणीक मळणे ही कामे तुम्ही सध्या चहानंतर करत असाल, तर ती चहाच्या आधी आणा आणि ‘कणीक मळून झाकून ठेवली की चहाचे आधण’ असा क्रम लावा. पहिले तीन-चार दिवस घड्याळ लावून ही दोन कामे किती वेळ घेतात ते पाहा. अर्ध्या तासाहून कमी घेत असतील तर आणखी एक काम मध्ये घाला. कणीक झाकलेली असताना मुरतेही, त्यामुळे या फेरबदलात स्वयंपाकाचे नुकसान होत नाही.

गजराचे काय करायचे? तो काढून टाकण्याआधी काही आठवडे त्याला वेगळे काम द्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या चार आठवड्यांच्या एका अभ्यासात असे दिसले, की मोबाइलची सूचना मिळणाऱ्यांनी ठरवलेली कृती जास्त वेळा केली, पण ती आपोआप होण्याची प्रक्रिया त्यांच्यात मंदावली. घटनेशी बांधलेल्या खुणेने मात्र ती प्रक्रिया पुढे सरकली. सूचनेची वाट पाहणारे मन खुणेकडे पाहायला शिकत नाही, असा मी त्याचा अर्थ लावते. म्हणून सहाचा गजर पुढे न्या आणि तो तुमच्या ब्रशनंतर साधारण दहा मिनिटांनी वाजेल असा ठेवा. त्याचा मजकूरही बदला: ‘गोळी घे’ ऐवजी ‘झाली का?’ बहुतेक दिवशी त्याचे उत्तर ‘झाली’ असेल. ज्या दिवशी नसेल त्या दिवशी चहा अजून दूर असल्यामुळे चूक सुधारता येईल. सलग दोन आठवडे गजर वाजण्याआधी गोळी झालेली असली, की तो बंद करा.

आता चुकलेल्या दिवसांविषयी. गोळी राहिली की ‘पुन्हा विसरले’ एवढ्यावर विषय संपवू नका. ती तुम्हाला शेवटी कुठे आठवली हे लिहून ठेवा, कारण दोष कुठे आहे ते त्या जागेवरून कळते. गोळी चहाच्या कपाशी आठवली, तर ब्रश ठेवण्याचा क्षण तुमच्या लक्षातच आला नाही, म्हणजे खूण कमजोर आहे; अशा वेळी बाटली आणखी जवळ, अगदी स्टँडला चिकटून ठेवा, किंवा ती रात्री अशी ठेवा की ती हलवल्याशिवाय सकाळी ब्रश उचलता येणार नाही, आणि तालीम पुन्हा करा. ब्रश ठेवताना गोळी आठवली पण बाटली तिथे नव्हती किंवा भांड्यात पाणी नव्हते, तर स्मरणाने काम केले आणि मांडणी चुकली. त्याचा उपाय रात्री आहे, सकाळी नाही. तिसरा प्रकार फसवा असतो: आठवले, बाटली समोर होती, पण ‘आधी दूध बघते’ म्हणून पाऊल पुढे पडले. इथे आधार आणि कृती यांच्यात फट राहिली आहे. असे वारंवार होत असेल तर दूध गॅसवर ठेवूनच तुम्ही दात घासायला जात आहात का, हे पाहा. तसे असेल तर ब्रश ठेवताना तुमचे मन मोकळे नसतेच आणि दूध गोळीनंतर गॅसवर चढवणे हाच त्यावरचा उपाय आहे. या तीन प्रकारांचे उपाय वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही, म्हणून ही नोंद मी आग्रहाने सांगते.

कृती आपोआप होऊ लागली की तिच्यातूनच एक नवी अडचण निघते: गोळी घेतली, पण घेतल्याचे आठवत नाही. ज्या कामाकडे लक्ष द्यावे लागत नाही त्याची आठवणही फिकट राहते आणि मग शंकेपोटी दुसरी गोळी घेतली जाते. त्यासाठी फळीच्या वर भिंतीवर कॅलेंडर टांगा, त्याला पेन बांधा आणि गोळी गिळल्यावरच, आधी नाही, त्या दिवसाच्या चौकटीत खूण करा. खूण नसेल आणि काहीच आठवत नसेल तर काय करायचे, हे डॉक्टरांना आधीच विचारून कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. या औषधाचे शरीरातील प्रमाण निम्म्यावर यायला साधारण सात दिवस लागतात, त्यामुळे एखादा दिवस चुकल्याने लगेच मोठा फरक पडत नाही. शंका असताना स्वतःच्या मनाने दुहेरी गोळी घेण्याची घाई करण्याचे कारण नाही.

प्रवासात ब्रश बरोबर येतो, पण फळी येत नाही. ज्या पिशवीत ब्रश आणि पेस्ट जाते त्याच पिशवीत, ब्रश पूर्ण कोरडा करून, बाटली घाला. ती पर्समध्ये किंवा औषधांच्या वेगळ्या डब्यात गेली तर आधार आणि गोळी यांची ताटातूट होते. पाहुणे आले की, लग्नघरी गेलात की किंवा दिवाळीत पहाटे सगळेच उलटेपालटे झाले की चूक होण्याचा संभव जास्त असतो. त्या दिवसांपुरता मघाचा ‘झाली का?’ हा गजर पुन्हा लावायला काहीच हरकत नाही.

किती दिवस लागतील, असे तुम्ही विचारले नाही, तरी ते सांगणे योग्य होईल, कारण एकवीस दिवसांचा ठोकताळा सगळीकडे ऐकू येतो आणि बाविसाव्या दिवशी माणूस निराश होतो. लंडनमध्येच फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना खाण्या-पिण्याची किंवा व्यायामाची एक कृती ‘न्याहारीनंतर’ अशा ठरलेल्या प्रसंगाला जोडायला सांगून बारा आठवडे नोंदी घेतल्या. कृती जवळजवळ आपोआप होण्यास लागणारा मध्यम कालावधी ६६ दिवस निघाला, पण माणसागणिक तो १८ ते २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता; बारा आठवड्यांपलीकडचे आकडे हा नोंदींच्या कलावरून काढलेला अंदाज आहे. पाणी पिण्यासारखी सोपी कृती लवकर बसली, व्यायामाला जास्त वेळ लागला. एखादा दिवस चुकल्याने एकूण प्रगतीला लक्षणीय धक्का बसला नाही, हेही त्यांना दिसले. तुमची कृती पाणी पिण्याच्या जवळची आहे, तरी दोन महिने धरून चाला.

कॅल्शियमची गोळी या ब्रशला जोडण्याचा मोह होईल, कारण ‘सगळ्या गोळ्या एकदम’ हे सोपे वाटते. तसे करू नका. कॅल्शियम आणि लोह यांच्यामुळे थायरॉइडची गोळी शरीरात नीट शोषली जात नाही, म्हणून त्यांच्यात चार तासांचे अंतर ठेवण्यास सांगतात. तुमची कॅल्शियमची गोळी रात्री आहे ते बरे आहे. पण तिला तिचा स्वतंत्र आधार हवा. जेवून उठताना ताट मोरीत ठेवणे हा शेवट स्पष्ट आहे, फक्त ते ताट तुम्ही स्वतः ठेवत असला पाहिजेत. हे दुसरे जोडकाम लगेच सुरू करू नका. सकाळचे दोन-तीन आठवडे सुरळीत जाऊ द्या.

एक गोष्ट मात्र दोन महिने थांबू शकत नाही. तुमची मात्रा तुम्ही रोज गोळी घेत आहात असे धरून वाढवली गेली आहे. आता वरच्या उपायाने तुम्ही खरोखरच रोज ७५ मायक्रोग्रॅम घेऊ लागलात, तर ती मात्रा तुमच्या गरजेपेक्षा जास्त ठरू शकते. जास्त झाल्यास छातीत धडधड, हातांना कंप, झोप न लागणे, घाम आणि वजन उतरणे अशी लक्षणे दिसू शकतात. मी समुपदेशक आहे, मात्रा ठरवणे माझे काम नाही. म्हणून या आठवड्यातच डॉक्टरांना फोन करा आणि सांगा: ‘डॉक्टर, मागच्या वेळी मी रोज घेते असे म्हटले, पण आठवड्यातून दोन-तीन गोळ्या राहत होत्या. आता नियमित घेणार आहे. मात्रा कोणती ठेवू?’ डॉक्टरांना असे रुग्ण रोज भेटतात आणि ही माहिती त्यांच्या दृष्टीने अहवालाइतकीच महत्त्वाची असते. मात्रा बदलल्यावर टीएसएच स्थिरावायला वेळ लागतो, म्हणून पुढची तपासणी साधारणपणे सहा ते आठ आठवड्यांनी करायला सांगतात. त्या दिवशी रक्त देण्याआधी गोळी घ्यायची की नंतर, हेही याच फोनवर विचारून घ्या आणि तपासणीचा अहवाल दाखवायला जाताना भिंतीवरचे कॅलेंडर बरोबर घेऊन जा, म्हणजे किती गोळ्या खरोखर घेतल्या गेल्या ते डॉक्टरांना तुमच्या आठवणीवर न विसंबता पाहता येईल.